TuB02.5 म्हणजे नेमकं कुठे आणि केव्हा?

संशोधन परिषदेला पहिल्यांदाच निघालेल्या विद्यार्थ्यांचे आणि प्राध्यापकांचे प्रश्न बहुतेक एकाच साच्याचे असतात. गाइडने किंवा आधी जाऊन पोहोचलेल्या सहकाऱ्याने कार्यक्रमपत्रिकेच्या एका पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला असतो. त्यात चौकोनच चौकोन असतात, प्रत्येक चौकोनात एक कोड, वर रूम नंबर, कुठेतरी ‘ट्रॅक’ हा शब्द, आणि आपलं नाव मात्र कुठेच नसतं. मग विचारणा सुरू होते: माझा पेपर कुठला? एकाच वेळी दहा ठिकाणी कार्यक्रम कसे? सगळीकडे हजर राहावं लागतं का? आणि ‘ट्रॅक ४’ शोधायचा तर तो कितव्या मजल्यावर?

अशा फोटोत तीन प्रकारची माहिती असते आणि ती सारख्या भरवशाची नसते, हे आधी ध्यानात घ्या. सत्राचा कोड सहसा बदलत नाही. रूम शेवटच्या दिवसापर्यंत बदलू शकते. ट्रॅकचं नाव तर बऱ्याचदा जागा दाखवतच नाही, ते विषय दाखवतं. म्हणून फोटोवरून कोड पक्का करावा, कोडवरून वेळ काढावी, आणि रूम मात्र त्या दिवशी सकाळी तपासून घ्यावी. रेल्वेने जाणारा माणूस गाडीचा नंबर लिहून ठेवतो आणि फलाट स्टेशनवर गेल्यावर पाहतो, तसंच. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. रूम नंबर पाठ करून ठेवतो आणि कोडकडे पाहत नाही, कारण रूम नंबर समजतो आणि कोड समजत नाही.

फोटो कुठल्या पानाचा आहे?

मोठ्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत एकाच माहितीची तीन वेगवेगळी रूपं असतात, आणि तुमच्या हातात त्यांपैकी कुठलं आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. पहिलं म्हणजे दिवसाचा तक्ता: डावीकडे वेळा, वर रूम, आणि मधल्या चौकोनांत सत्रांची नावं. दुसरं म्हणजे सविस्तर यादी, जिच्यात प्रत्येक सत्राखाली त्यातले पेपर, लेखकांची नावं आणि मिनिटांपर्यंतच्या वेळा दिलेल्या असतात. तिसरं म्हणजे शेवटच्या पानांवरची लेखकसूची. लोक फोटो पाठवतात तो जवळजवळ नेहमी पहिल्या तक्त्याचा, कारण तो एका पानात मावतो. पण त्या तक्त्यात तुमचं नाव नसणारच. एका चौकोनात दोन तासांचं सत्र असतं, आणि त्या सत्राच्या पोटात पाच-सहा पेपर असतात. ‘माझं नाव यादीतून वगळलं की काय’ या धास्तीने आयोजकांना ईमेल करण्याआधी लेखकसूचीच्या पानाचा फोटो मागवा.

लेखकसूचीत नाव शोधताना मराठी नावांची एक खास अडचण येते. सूची आडनावावरून लावलेली असते, पण पेपर पाठवताना फॉर्ममध्ये नावाचे तीन भाग कुठल्या रकान्यात भरले होते त्यावर सॉफ्टवेअर आडनाव कशाला समजतं ते ठरतं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव शेवटच्या रकान्यात गेलं असेल तर सूचीत तुम्ही त्या नावाखाली सापडाल. म्हणून तिन्ही नावांखाली पाहा, आणि तरी सापडलं नाही तर सहलेखकाचं नाव पाहा. पेपर एकच असल्याने कोडही तोच असतो.

आणखी एक नंबर हमखास गोंधळ घालतो. पेपर स्वीकारल्याच्या ईमेलमध्ये एक पेपर क्रमांक असतो, उदाहरणार्थ 1187. ईझीचेअर किंवा सीएमटीसारख्या सॉफ्टवेअरने पेपर दाखल झाला तेव्हा दिलेला तो क्रमांक आहे. कार्यक्रम त्यानंतर काही महिन्यांनी आखला जातो आणि तेव्हा पेपरला सत्राचा कोड मिळतो. फोटोत 1187 शोधत बसू नका, काही परिषदा तो छापतात, पुष्कळशा छापत नाहीत. पत्रव्यवहारात मात्र दोन्ही नंबर लिहावेत, कारण कार्यालयातल्या माणसाला कधी हा लागतो, कधी तो.

कोड उलगडायची रीत

कोडचा अर्थ सांगणारी किल्ली कार्यक्रमपत्रिकेच्या सुरुवातीच्या पानांवर असते, आणि नेमकं तेच पान फोटोत नसतं. पण किल्ली नसली तरी कोड उलगडता येतो, कारण तक्ता स्वतःच पुरेसा पुरावा देतो. आयईईईच्या ‘कॉन्फरन्स ऑन डिसिजन अँड कंट्रोल’ या वार्षिक परिषदेत आणि यंत्रमानवशास्त्राच्या काही मोठ्या परिषदांत जी कोडपद्धत वापरतात, त्या धर्तीचा एक छोटा नमुना घेऊ. खऱ्या तक्त्यात स्तंभ वीस-वीस असू शकतात, इथे तीनच ठेवले आहेत.

```
Tuesday       Room 201          Room 205        Room 302
08:30-09:30   ----------- Plenary, Hall A -----------
10:00-12:00   TuA01             TuA02           TuA03
              Linear Systems I  Estimation I    Power Grids
13:30-15:30   TuB01             TuB02           TuB03
              Linear Systems II Estimation II   Robotics
```

आता एकाच आडव्या ओळीतले दोन कोड शेजारी ठेवा: `TuA01` आणि `TuA02`. वेळ एकच आहे, बदललं ते फक्त शेवटचे आकडे. म्हणजे ते आकडे समांतर चालणाऱ्या सत्रांना एकमेकांपासून वेगळं करतात. मग एकाच उभ्या स्तंभातले दोन घ्या: `TuA02` आणि `TuB02`. रूम एकच, वेळ वेगळी, आणि बदललं ते मधलं अक्षर. म्हणजे A हा दिवसातला पहिला खंड, B दुसरा. उरलेलं Tu दोन्हीकडे सारखं आहे, आणि पानाच्या माथ्यावर मंगळवार लिहिलेलं आहे. एवढ्यावर कोड सुटला. दुसऱ्या दिवसाच्या पानाचा फोटो असेल तर तिथे We दिसतं का ते पाहून खात्री करून घेता येते. सर्वांसाठी असलेल्या व्याख्यानाचा चौकोन पानभर आडवा पसरलेला आहे, त्याला समांतर आकड्याची गरज पडत नाही. तेवढा तास बाकी सगळं बंद असतं आणि सगळे एका मोठ्या हॉलमध्ये असतात.

हीच तुलना करायची, अंदाज बांधायचा नाही, असा आग्रह धरण्याचं कारण म्हणजे प्रत्येक संस्थेची पद्धत निराळी असते, आणि एका परिषदेत शिकलेला अर्थ दुसरीकडे उलटा पडतो. अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या वार्षिक अधिवेशनातल्या `A31B` या कोडमध्ये सुरुवातीचं A म्हणजे वातावरणशास्त्र हा विभाग, 3 म्हणजे आठवड्यातला तिसरा दिवस बुधवार, 1 म्हणजे त्या दिवसाचा पहिला खंड, आणि B म्हणजे त्याच वेळी चालणाऱ्या त्या विभागाच्या सत्रांपैकी दुसरं. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या मार्च अधिवेशनात `B23.00004` असं दिसायचं. तिथे पहिलं अक्षर काळाचा खंड सांगायचं, 23 हे सत्र, आणि टिंबानंतरचा 4 म्हणजे त्या सत्रातलं चौथं भाषण. तीन परिषदा, आणि A-B सारखी साधी अक्षरं तीन वेगळ्या कामांना. आपल्याकडच्या महाविद्यालयांतल्या परिषदांत बहुधा `TS-III B` अशा धाटणीचा कोड असतो: तिसरं तांत्रिक सत्र, त्यातली दुसरी समांतर बैठक. त्यात दिवस कुठेच नसतो. तो ओळीच्या डोक्यावरूनच वाचावा लागतो, आणि फोटोत ते डोकं कापलं गेलं असेल तर कोड अर्धवटच राहतो.

सत्राच्या नावापुढचा रोमन आकडाही याच वेळी समजून घ्यावा. `Estimation I` आणि `Estimation II` ही एकाच विषयाची दोन सत्रं आहेत. पेपर जास्त आले म्हणून त्यांचे दोन भाग केले. ‘एक’ म्हणजे प्राथमिक आणि ‘दोन’ म्हणजे प्रगत असा अर्थ त्यात नसतो. अभ्यासक्रमाच्या सवयीने पुष्कळांना तसं वाटतं आणि ते दुसऱ्या भागाला जायला कचरतात.

कोडवरून स्वतःची वेळ

समजा, लेखकसूचीत तुमच्या नावापुढे `TuB02.5` आहे. टिंबापर्यंतचा भाग सत्राचा, म्हणजे मंगळवार, दुसरा खंड, `Estimation II`. टिंबानंतरचा 5 म्हणजे सत्रातला पाचवा पेपर. सत्र 13:30 ते 15:30, म्हणजे १२० मिनिटं. त्यात सहा पेपर असतील तर प्रत्येकाला २० मिनिटं येतात. तुमच्या आधी चार जण, म्हणजे ८० मिनिटं, म्हणजे तुमची पाळी 14:50 ला. सविस्तर यादीत हीच वेळ छापलेली असायला हवी. ती जुळली नाही तर सत्रातले पेपर सहा नसून पाच किंवा सात असतील. २० मिनिटं पूर्ण बोलायला नसतात, प्रश्न आणि वक्ते बदलण्याचा वेळ त्यातच धरलेला असतो. १५-१६ मिनिटांची तयारी सुरक्षित.

मग 14:50 ला पोहोचलं तर चालेल का? कागदावर चालतं. आपल्या आधीचा वक्ता आलाच नाही तर काय करायचं, याबाबत परिषदांत दोन रिवाज आहेत. मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदांत सत्राध्यक्षांना सहसा सूचना असते की पेपर रिकामा गेला तरी पुढचा आधी घेऊ नका, कारण लोक छापील वेळ पाहून एका रूममधून दुसरीकडे जात असतात. आपल्याकडच्या बऱ्याच परिषदांत उलटा रिवाज आहे. कोणी गैरहजर असला की लगेच पुढचं नाव पुकारतात, कारण उद्घाटन लांबलेलं असतं आणि जेवणाची वेळ झालेली असते. आपली परिषद कुठल्या रिवाजाची ते आधी कळत नाही, म्हणून सत्र सुरू होण्याच्या दहा मिनिटं आधी रूममध्ये जाऊन सत्राध्यक्षांना भेटावं, आपला पेपर कितवा ते सांगावं आणि स्लाइड्स तिथल्या संगणकावर उघडून पाहाव्यात. त्यापुढे सत्र संपेपर्यंत तिथेच बसावं. त्यामुळे `TuB03` मधला 13:30 चा एखादा पेपर ऐकायचा राहतो, पण ही किंमत मोजण्यासारखी आहे. आयईईईच्या परिषदांत स्वीकारलेला पेपर प्रत्यक्ष सादर झाला नाही, तर तो त्यांच्या ‘एक्सप्लोर’ या डिजिटल ग्रंथालयातून वगळण्याचा हक्क संस्थेने राखून ठेवलेला असतो.

परदेशातल्या परिषदेच्या बाबतीत फोनचं कॅलेंडर एक वेगळीच गंमत करतं. छापील वेळा परिषद जिथे भरते तिथल्या असतात. वर सांगितलेली आयईईईची ‘कॉन्फरन्स ऑन डिसिजन अँड कंट्रोल’ २०२३ साली सिंगापूरला होती. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असतं. पुण्यात बसून कॅलेंडरमध्ये 14:50 अशी नोंद केली तर फोन ती भारतीय वेळ समजतो, आणि सिंगापूरला उतरल्यावर तीच नोंद 17:20 दाखवतो. तोवर सत्र संपून दोन तास होत आले असतात. नोंद करतानाच टाइम झोन निवडा, नाहीतर कागदावर लिहा. घरून ऑनलाइन ऐकणाऱ्यांना उलटा हिशेब लागतो: तिथले 14:50 म्हणजे आपले 12:20.

ट्रॅक म्हणजे जागा की विषय?

‘ट्रॅक’ हा शब्द परिषदेत दोन कामं करतो आणि फोटोत त्यातलं कुठलं चाललं आहे हे नवख्याला कळत नाही. पेपर पाठवताना तुम्ही यादीतून एक विषय निवडला होता, समजा ‘ट्रॅक ४: ऊर्जा प्रणाली’. तो ट्रॅक परीक्षक नेमण्यासाठी होता. कार्यक्रम आखताना मात्र पेपर विषयांच्या जवळिकीवर पुन्हा जुळवले जातात, आणि ट्रॅक ४ मधले पेपर तीन दिवसांत पाच सत्रांत विखुरले जाऊ शकतात. दुसरीकडे, वेळापत्रकाच्या तक्त्यात उभ्या स्तंभालाच ट्रॅक म्हणण्याची पद्धत आहे. अशा ठिकाणी ‘ट्रॅक ४’ म्हणजे डावीकडून चौथा स्तंभ, आणि तो स्तंभ बहुधा दिवसभर एकाच रूममध्ये राहतो. यंत्रमानवशास्त्राच्या परिषदांतल्या `TuAT4.3` या कोडमधला T4 असाच आहे.

दोन्हींतला फरक ओळखायला फोटोच पुरतो. एका ट्रॅकच्या नावाखाली, त्याच उभ्या रांगेत, सकाळी एक विषय आणि दुपारी भलताच विषय असेल तर तो स्तंभ आहे. वरच्या नमुन्यात तिसऱ्या स्तंभात सकाळी वीजजाळं आणि दुपारी यंत्रमानव आहेत, तसं. उलट एकाच ट्रॅकचं नाव दोन वेगळ्या रूमखाली दिसत असेल, किंवा ट्रॅक रंगांनी दाखवून खाली रंगांची यादी दिली असेल, तर तो विषय आहे. या बाबतीत सगळ्यात जास्त भुलवतात त्या आपल्याकडच्या छोट्या परिषदा, कारण तिथे प्रत्येक विषयाला एकच रूम दिलेली असते. मग दोन्ही अर्थ एकच होतात, आणि तीच सवय घेऊन माणूस मोठ्या परिषदेला जातो. मंगळवारी सकाळी `TuA03` ला गेलेला माणूस आपला विषय तिथेच चालू राहील म्हणून दुपारी तिथेच बसतो, आणि अर्ध्या तासाने त्याच्या लक्षात येतं की भलतंच काही चाललं आहे.

रूम नंबर: फोटोवर विसंबू नका

रूम बदलतात त्यामागे साधं कारण असतं. वेळापत्रक ठरवताना कुठल्या सत्राला किती गर्दी होईल याचा अंदाज बांधलेला असतो. तो चुकला की मोठी आणि छोटी रूम अदलाबदल होते. कुठे प्रोजेक्टर बंद पडतो, कुठे दोन रूममधली सरकती भिंत उघडून एक हॉल करतात. अशा वेळी आयोजक कोड बदलत नाहीत, कारण कोड लेखकसूचीत, पेपरांच्या डिजिटल संचात आणि प्रमाणपत्रांवर गेलेला असतो. बदलतो तो फक्त दारावरचा कागद. म्हणून दारावरच्या कागदावर रूम नंबर जुळतो का हे न पाहता सत्राचा कोड आणि नाव जुळतं का ते पाहा.

रूम नंबरवरून मजला काढण्यातही चूक होते. 205 म्हणजे दुसरा मजला हे खरं, पण दुसरा कुठून मोजून? आपल्याकडे तळमजला, मग पहिला, मग दुसरा. अमेरिकेत आणि सिंगापूरला जमिनीलगतचा मजलाच पहिला असतो, त्यामुळे तिथे 205 साठी एकच जिना चढायचा. मोठ्या सभागृह-संकुलांत 205A आणि 205B ही एकाच दालनाची दोन अर्धुकं असतात आणि त्यांची दारं कधी कधी वेगवेगळ्या बोळांत उघडतात. पाटीवर B1 असेल तर ते तळघर की बोर्डरूम हे फोटोवरून ठरवू नका, नकाशा पाहा.

आता एक आक्षेप. परिषदेचं अ‍ॅप असतं, त्यात सगळं ताजं असतं, मग फोटोचा एवढा खटाटोप कशाला? अ‍ॅप असेल तर ते जरूर वापरा. रूम आणि ताज्या बदलांसाठी त्याच्यावरच विसंबायला हवं. पण अ‍ॅपमध्ये एका वेळी एकच सत्र पडद्यावर दिसतं, संपूर्ण दिवसाचा आराखडा नजरेत येत नाही. कुठल्या वेळी काय काय एकमेकांवर आदळतं आहे ते तक्त्यावरच दिसतं. शिवाय तळघरातल्या हॉलमध्ये नेट नसतं, आणि छोट्या परिषदांत अ‍ॅपच नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कोडही बदलतो. हो, कधी कधी बदलतो. तात्पुरतं वेळापत्रक आधी जाहीर होतं, काही पेपर मागे घेतले जातात, दोन अर्धवट सत्रं एकत्र केली जातात, आणि `TuB02.5` चा `TuB02.4` होतो. पण हे सहसा अंतिम वेळापत्रक निघण्यापूर्वी होतं, आणि ओळखायला सोपं असतं. तुमचा फोटो तात्पुरत्या आवृत्तीचा असेल तर पानाच्या वरच्या किंवा खालच्या कडेला तारीख किंवा ‘तात्पुरतं’ अशा अर्थाचा शब्द असतो. तीच कड फोटोत येत नाही, म्हणून फोटो पाठवणाऱ्याला संपूर्ण पान मागा, चारही कडा दिसतील असं. आणि कोडच्या जोडीला पेपरच्या शीर्षकाचे पहिले तीन-चार शब्द लिहून ठेवा. कोड सरकला तरी शीर्षक सरकत नाही.

धूसर अक्षरं

फोटो मोठा करून पाहिला की अक्षरं विस्कटतात आणि 0 व O, 1 व I, 8 व B एकसारखे दिसू लागतात. इथे कोडची घडण तुमच्या मदतीला येते. कोडच्या ज्या जागी अक्षरच असतं तिथे 8 दिसला तर तो B आहे. `Tu802` असा कोड असूच शकत नाही, तो `TuB02` आहे. पण एक घोटाळा घडणीवरून सुटत नाही, आणि तोच सगळ्यात महागात पडतो. Tu आणि Th. फोटो जरा हलला की u आणि h एकमेकांसारखे दिसतात, दोन्ही अक्षरंच असल्याने कोड बरोबरच वाटतो, आणि मंगळवारचा पेपर गुरुवारचा होतो. दोन दिवसांची चूक. हे टाळायचं तर कोडवरून दिवस काढल्यावर पानाच्या माथ्यावरची तारीख पाहा, आणि माथा फोटोत नसेल तर शेजारचे चौकोन पाहा. पानावरच्या सगळ्या कोडांची सुरुवात एकच असते, त्यातला एखादा तरी स्पष्ट असतोच.

एवढं झालं की फोटो बाजूला ठेवून एका कागदावर उतरवून घ्या:

- कोड आणि पेपरचे पहिले चार शब्द
- दिवस, तारीख, तिथली स्थानिक वेळ
- रूम, पेन्सिलीने
- त्याच खंडात ऐकण्याजोगं दुसरं एक सत्र, निवडलेलं सत्र कामाचं निघालं नाही तर जायला

तीन दिवसांसाठी असे पाच-सहा कागद पुरतात. प्रत्येक खंडात काहीतरी भरलंच पाहिजे असा हट्ट नको. बहुतेक उपयोगी ओळखी चहाच्या अर्ध्या तासात होतात, आणि ती वेळही तक्त्यात छापलेली असते.

तुम्हाला काय मागता येतं, काय नाही

सत्राच्या मध्येच उठून दुसऱ्या सत्राला जायला कोणाची परवानगी लागत नाही. समांतर सत्रं लोकांनी निवड करावी म्हणूनच असतात. वरच्या नमुन्यात `TuA02.2` हा 10:20 ला सुरू होऊन 10:40 ला संपतो, आणि `TuA03.3` 10:40 ला सुरू होतो. दोन्ही ऐकता येतात, पण 205 आणि 302 मध्ये एक मजला आहे, तेव्हा पहिल्याच्या प्रश्नोत्तरांवर पाणी सोडावं लागेल. दाराजवळच्या खुर्चीवर बसा, आणि वक्ता बोलत असताना न उठता दोन पेपरांच्या मधल्या टाळ्यांत उठा. फक्त कार्यशाळा आणि ट्युटोरियल यांना हा नियम लागू नाही. त्यांची फी बहुधा वेगळी असते, आणि तक्त्यात त्यांच्यापुढे एखादी खूण किंवा चांदणी असते, तिचा अर्थ पानाच्या तळाशी लिहिलेला असतो.

वेळ बदलून मागता येते, पण वेळेत मागितली तर. मंगळवारी सकाळी पेपर असेल आणि विमान मंगळवारी दुपारी उतरत असेल, तर तात्पुरतं वेळापत्रक हातात पडताच कार्यक्रम समितीला लिहा. पत्रात पेपर क्रमांक, सत्राचा कोड आणि प्रवासाची तारीख या तीन गोष्टी हव्यात, व्हिसाची अडचण असेल तर तीही. अंतिम वेळापत्रक छापल्यावर दिवस बदलणं जवळपास अशक्य असतं. मग दोनच वाटा उरतात: सहलेखकाने पेपर मांडणं, किंवा त्याच सत्रातल्या दुसऱ्या वक्त्याशी जागा बदलणं. दुसऱ्या वाटेला सत्राध्यक्षांची संमती लागते, पण त्यांचं नाव सविस्तर यादीत सत्राच्या नावाखालीच असतं, त्यामुळे त्यांना आधी ईमेल करता येतो. सहलेखकाचं नाव मांडणारा म्हणून आधी कळवा. ऐन वेळी तिसराच माणूस उभा राहिलेला काही परिषदांना चालत नाही.

तुमच्या आधीच्या वक्त्याने वेळ खाल्ला म्हणून तुमची मिनिटं कापली जाऊ नयेत, हे सत्राध्यक्षांना आधीच्या भेटीतच नम्रपणे सांगता येतं. सत्र चालू झाल्यावर तक्रार करून फारसं काही होत नाही. दुसऱ्यांच्या स्लाइड्सचे फोटो काढायचे असतील तर आधी नियम पाहा, काही परिषदांना ते चालत नाही. कार्यक्रमपत्रिकेचा फोटो काढायला मात्र कुठेच हरकत नसते.

प्रमाणपत्रांचं काम निघण्याआधीच उरकावं. उपस्थितीचं आणि पेपर सादर केल्याचं अशी दोन वेगळी प्रमाणपत्रं असतात, आणि महाविद्यालयात ड्यूटी लीव्ह किंवा प्रवासखर्चाचा अर्ज करताना बहुधा दोन्ही लागतात. आपल्याकडे सादरीकरणाचं प्रमाणपत्र अनेकदा सत्राच्या शेवटी सत्राध्यक्षांच्या हस्तेच देतात. पेपर झाल्या झाल्या निघून गेलात तर नंतर ते टपालाने मागवण्याचा उपद्व्याप करावा लागतो. नाव छापताना चूक झाली असेल तर नोंदणी टेबलावरच दाखवून द्या आणि सोबत सत्राचा कोड सांगा. त्यांच्या यादीत तुम्ही त्याच कोडखाली असता. हे टेबल शेवटच्या दिवशी दुपारी लवकर उठतं, आणि त्याची वेळही त्याच पानाच्या एखाद्या कोपऱ्यात, सगळ्यात बारीक अक्षरांत छापलेली असते.